कुठे आहेस, किती झालं, फोटो पाठव

मैत्रिणींनो, साहेब ओरडले, टाकून बोलले, चारचौघांत अपमान केला, तर त्याला त्रास म्हणायला आपण आता शिकलो आहोत. पण साहेब ओरडतच नाहीत, नुसते फोन करतात. दर वीस मिनिटांनी करतात. ‘कुठे आहेस?’, ‘किती झालं?’, ‘फोटो पाठव.’ पुन्हा वीस मिनिटांनी तेच. घरी सांगायला जावं तर नवरा म्हणतो, ‘मग काय झालं, साहेब आहेत, विचारणारच.’ आई म्हणते, ‘नोकरी म्हटलं की ऐकून घ्यावं लागतं बाई.’ आणि खरंच, एकेक फोन सुटा काढून दाखवला तर त्यात काहीच नसतं. तक्रार करायची तरी कशाची?

आमच्या गोंदियात बचत गटाच्या आणि कौटुंबिक सल्ल्याच्या कामानिमित्त माझ्याकडे बायका येतात. पूर्वी बहुतेक घरच्या तक्रारी असायच्या. आता नोकरीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुली वाढल्या आहेत. खासगी दवाखान्यात, दुकानात, गाडीच्या शोरूममध्ये, कर्ज देणाऱ्या कंपन्यांत काम करणाऱ्या या मुली. यांतल्या एकीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. तिचं नाव, तिच्या कंपनीचं नाव आणि गावांची नावं मी घेणार नाही.

ती महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत वसुलीचं काम करते. सकाळी साडेसातला स्कूटीवरून निघायचं, आमगाव-सालेकसा भागातल्या तीन-चार गावांत ठरलेल्या घरी बायका जमतात तिथे पोहोचायचं, हप्ते घ्यायचे, पैसे मोजायचे, कार्डावर सही करायची, दुपारी शाखेत भरणा करायचा. तीन वर्षं काम सुरळीत चाललं होतं. मग एका गटातल्या दोन बायकांचे हप्ते थकले. शाखेच्या साहेबांनी तिला सांगितलं, ‘आज तू तुझ्या पगारातून भर, शाखेचा आकडा पूर्ण दिसला पाहिजे.’ ती नाही म्हणाली. फोनांचा मारा त्या आठवड्यापासून सुरू झाला.

माझ्याकडे आली तेव्हा बोलताना तिचा हात सारखा पर्सकडे जात होता. म्हणाली, ‘ताई, साहेब सकाळपासून फोन करून राहिले. फोन वाजला की छातीत धस्स होते. आंघोळीला जाताना बी फोन सोबत नेतो मी.’ मी विचारलं, दिवसात किती फोन येतात? ‘खूप येते.’ खूप म्हणजे किती? तिला सांगता येईना. साहेब काय बोलतात? ‘त्रास देते.’ म्हणजे नेमकं काय म्हणतात? तेही सांगता येईना. यात तिचा काही दोष नाही. असे फोन एकमेकांत मिसळून जातात आणि लक्षात राहते ती फक्त धास्ती. पण चौकशीला बसलेल्या माणसापुढे ‘खूप’ आणि ‘त्रास’ या दोन शब्दांना काहीच वजन नसतं.

हा प्रकार नवा नाही आणि आपल्या कल्पनेतलाही नाही. नॉर्वेमधल्या बर्गन विद्यापीठात स्टोले आयनारसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामाच्या ठिकाणची छळवणूक मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. जगभर ती वापरतात. तिच्या सुधारित आवृत्तीत २२ प्रकारची वागणूक दिली आहे आणि कामावर अतिरेकी पाळत ठेवणं हा त्यातला एक प्रकार आहे. त्याआधी स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी अभ्यासासाठी एक मोजमाप धरलं होतं. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने चाललेला त्रास म्हणजे छळवणूक, असं ते मोजमाप. हे अभ्यासकांसाठी आहे, आपण काही सहा महिने वाट बघत बसायचं नाही. पण यातून एक गोष्ट कळते. या छळाची ओळख त्याच्या पुन्हा पुन्हा होण्यात आहे. मग नोंदही पुन्हा पुन्हा होण्याचीच ठेवायला हवी. एका मोठ्या भांडणाची तारीख लिहून भागत नाही.

इथे थोडं थांबून एक फरक सांगते, कारण याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पाळत दोन प्रकारची असते. एक सगळ्यांवर सारखी असते. आपल्या अंगणवाडी ताईंना आठवत असेल, ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन निकृष्ट, पोषण ट्रॅकरचं अॅप इंग्रजीत, आणि रोजची माहिती मात्र त्यातच भरायची. तो त्रास खराच होता, पण एका बाईला निवडून दिलेला नव्हता. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्रेमिला डिक्रूझ आणि अर्नेस्टो नरोन्हा यांनी कॉल सेंटरमधल्या नोकरदारांचा अभ्यास करून अशा छळाला व्यक्तिनिरपेक्ष छळ म्हटलं आहे. तिथे व्यवस्थाच सगळ्यांना पिळते. त्याच्याशी लढायचं तर संघटना लागते, एकीची वही पुरत नाही. दुसरी पाळत एकीवरच असते. त्याच हुद्द्यावरच्या बाकीच्यांना सोडून तिला फोन येतात. इथे वही कामाला येते. आपली पाळत यातली कुठली, हे आधी बघायचं.

माझ्याकडच्या मुलीला मी शंभर पानी वही घ्यायला सांगितलं. सुट्या कागदांची नको, शिवलेली घ्यायची. पानांना आधी हाताने क्रमांक घालायचे, म्हणजे मधलं पान फाडलं किंवा घुसडलं असं कुणी म्हणणार नाही. प्रत्येक नोंदीत आधी तारीख आणि घड्याळातली वेळ. फोन साधा की व्हॉट्सअॅपचा, की ग्रुपवर मेसेज. साहेबांचे शब्द, जसेच्या तसे. मी तेव्हा काय करत होते. मी काय उत्तर दिलं. जवळ कोण होतं. आणि शेवटी एक रकाना, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: ‘हाच प्रश्न याआधी किती वाजता विचारला होता?’

हा रकाना का, तर साहेबांचा पहिला बचाव ठरलेला असतो. ‘माझं कामच आहे विचारणं.’ बरोबर आहे, त्यांचं काम आहे. रोकड घेऊन रस्त्याने फिरणाऱ्या मुलीची चौकशी करणं तर गरजेचंच आहे. निघालीस का, पोहोचलीस का, भरणा झाला का, असे दिवसात तीन-चार फोन कुणीही समंजस साहेब करील. पण आठ दहाला विचारलं, आठ पंचविसाला तेच विचारलं, मधल्या पंधरा मिनिटांत काही बदललेलं नाही आणि बदलण्यासारखंही नाही, तर तो प्रश्न माहितीसाठी नव्हता. हे वाद घालून पटवता येत नाही. वेळा शेजारी शेजारी लिहिल्या की आपोआप दिसतं.

तिच्या वहीतला एक मंगळवार सांगते. ८.१० ला फोन, ‘कुठे आहेस?’ उत्तर, सेंटरवर पोहोचले, बायका येत आहेत. ८.२५ ला पुन्हा, ‘कुठे आहेस?’ ८.४० ला, ‘बायकांचा फोटो पाठव.’ पाठवला. ८.५२ ला, ‘फोटोत किती बायका आहेत, मोजून सांग.’ ९.०५ ला ती पैसे मोजत होती, उचलला नाही. ९.०६ आणि ९.०७ ला पुन्हा रिंग. ९.१२ ला शाखेच्या ग्रुपवर तिचं नाव घालून मेसेज, ‘काही लोकांना फोन उचलायला जमत नाही, त्यांनी घरी बसावं.’ तिने खाली लिहिलं आहे: ‘रोकड तीनदा मोजली. दुसऱ्या वेळी २०० कमी आले, तिसऱ्या वेळी बरोबर आले. सेंटर सव्वानऊला संपतं, आज १०.०५ ला संपलं. पुढच्या गावात बायका वाट बघून परत गेल्या होत्या.’ आणि ११.२० ची नोंद: फोन, ‘दुसरं सेंटर उशिरा का? तुझ्याने काम होत नाही.’

हे पान वाचल्यावर मलाच लख्ख दिसलं. उशीर फोनांमुळे झाला, आणि त्या उशिरासाठी पुन्हा फोन. या प्रकारात बाईचं काम खरंच बिघडतं, मग ते बिघडलेलं काम तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलं जातं. म्हणून नोंदीत कामावर झालेला परिणाम लिहायचा, आणि तोही मोजता येईल असा. ‘मला फार टेन्शन आलं’ हे खरं असेल, पण त्याच्या शेजारी ‘रोकड तीनदा मोजली, पन्नास मिनिटं जास्त लागली’ हे हवं. झोप लागली नाही, जेवण राहिलं, डॉक्टरकडे गेले, हेही तारखेसह लिहावं आणि डॉक्टरांची चिठ्ठी वहीत ठेवावी.

विशेषणं मात्र टाळायची. तिने पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ‘साहेब राक्षसासारखे वागले.’ मी म्हटलं, अगं, हे तुझं मत झालं. त्यांनी काय शब्द वापरले ते लिही, वाचणाऱ्याला काय म्हणायचं ते त्याचं तो म्हणेल. दुसरी गोष्ट, नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे, शक्यतो त्याच तासात. चौकशीत सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर विश्वास उडतो. एखादा दिवस राहिलाच तर दुसऱ्या दिवशी लिहावं आणि वर स्पष्ट म्हणावं, ‘हे बुधवारी रात्री आठवून लिहिलं.’ खाडाखोड झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि साहेब चांगलं वागले, रजा दिली, कौतुक केलं, तर तेही लिहायचं. फक्त वाईटच लिहिलेल्या वहीवर कुणी भरवसा ठेवत नाही.

वहीला आधार मोबाईलचा. इथे चार गोष्टी नीट समजून घ्या, कारण ऐन वेळी याच गोष्टी हातातून निसटतात. फोनमधली कॉलची यादी कायम राहत नाही. बऱ्याच फोनमध्ये ठरावीक आकडा झाला की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. रोज शंभर ठिकाणी फोन करणाऱ्या मुलीच्या यादीतून महिनाभरापूर्वीचं काहीच सापडत नाही. म्हणून रोज रात्री त्या यादीचा स्क्रीनशॉट काढायचा. नुसतं ‘साहेब’ असं सेव्ह केलेलं नाव दिसून भागत नाही, ते नाव उघडून नंबर दिसेल असाही एक काढायचा. व्हॉट्सअॅपवर आलेले कॉल वेगळ्या ठिकाणी दिसतात, तेही विसरू नका.

व्हॉट्सअॅपचं बोलणं पूर्णच्या पूर्ण बाहेर काढता येतं. ते चॅट उघडून वरच्या तीन टिंबांवर जायचं, तिथे `More`, मग `Export chat`, मग `Without media`. सगळे मेसेज तारीख-वेळेसकट एका फाईलमध्ये येतात, ती स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवायची. याचा मोठा फायदा म्हणजे त्यात त्रास सुरू होण्याआधीचे महिनेही येतात. तिच्या फाईलमध्ये दिसलं की आधीची तीन वर्षं साहेबांचे दिवसाला तीन-चार मेसेज असायचे. हप्ता भरायला तिने नकार दिला त्या तारखेनंतर आकडा एकदम चढला. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन्ही कागदावर आले की कारण सांगत बसावं लागत नाही. ग्रुपवर `Disappearing messages` चालू असेल तर २४ तासांत, ७ दिवसांत किंवा ९० दिवसांत मेसेज गायब होतात, आणि `Advanced chat privacy` चालू असेल तर चॅट बाहेर काढताच येत नाही. अशा वेळी रोजच्या रोज स्क्रीनशॉट हाच मार्ग. साहेबांनी पाठवून पुसलेल्या मेसेजच्या जागी ‘मेसेज पुसला’ अशी ओळ उरते, तिचाही स्क्रीनशॉट काढा आणि त्यात काय होतं ते आठवत असेल तर लगेच वहीत लिहा.

लाइव्ह लोकेशनची गोष्ट तर ऐकाच. व्हॉट्सअॅपवर ते १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालू ठेवता येतं. साहेब तिला सकाळी साडेसातला आठ तासांचं चालू करायला लावायचे. दुपारी साडेतीनला ते संपलं की, ‘पुन्हा चालू कर.’ आता हिशेब करा, साडेतीनला आठ तासांचं चालू केलं तर ते रात्री साडेअकराला संपतं. तोवर पोरगी घरी येऊन, स्वयंपाक करून झोपलेली असते. तिची स्कूटी घराऐवजी माहेरी गेली की फोन यायचा, ‘तिकडे काय करतेस?’ दुसऱ्यांदा चालू केलेलं लोकेशन वेळेसकट चॅटमध्ये राहतं. या एका गोष्टीमुळे ‘सुरक्षिततेसाठी विचारतो’ हा बचाव पार कोसळला, कारण रोकड तर अडीचलाच भरलेली होती.

फोन रेकॉर्ड करावा का, असं पुष्कळ जणी विचारतात. आपण स्वतः ज्या संभाषणात आहोत ते रेकॉर्ड करणं वेगळं आणि दुसऱ्या दोघांचं चोरून ऐकणं वेगळं, हे आधी लक्षात घ्या. दुसरं करायचं नाही. फोनवरचं संभाषण टेप केलेलं असलं तरी ते पुरावा म्हणून चालू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात मान्य केलं होतं. तरी माझं मत असं की रेकॉर्डिंग वहीला जोड म्हणून असावं, वहीच्या बदली नको. रेकॉर्डिंग एका फोनचं असतं, आणि आपल्याला दाखवायचा असतो तो फोनांचा ढीग. केलंच तर कापाकापी न करता मूळ फाईल ठेवा आणि कुणालाही फॉरवर्ड करू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर मोबाईलमधल्या पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. प्रमाणपत्राचं वकील बघतील, आपण एवढंच करायचं की तो मूळ फोन विकायचा नाही, फॉरमॅट मारायचा नाही.

फोन कंपनीचा असेल तर जपून. राजीनामा देताना किंवा बदलीच्या दिवशी तो हातातून जातो आणि त्यासोबत सगळं जातं. पण त्या भीतीने कर्जदार बायकांच्या याद्या, आधारची चित्रं, कंपनीचे कागद घरी आणून ठेवू नका. तक्रारीचा विषय बाजूला राहतो आणि ‘हिने गोपनीय माहिती चोरली’ असं प्रकरण उभं राहतं. आपल्याशी झालेलं बोलणं तेवढं ठेवायचं.

तोंडी हुकमांवर एक साधा उपाय आहे. फोन ठेवला की त्याच नंबरवर एक मेसेज टाकायचा: ‘सर, आता ४.१५ ला आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे उद्या पाचवं सेंटरही मीच करते.’ भाषा नम्र, टोमणा नाही. साहेबांनी उत्तर दिलं तर हुकूम लेखी झाला, नाही दिलं तरी वेळेची नोंद झाली. सरकारी नोकरीतल्या बायकांना तर याला नियमाचा आधार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या नियम ३ नुसार वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी असावा आणि तोंडी द्यावाच लागला तर नंतर तो लेखी कायम करावा. मानधनावर काम करणाऱ्यांना हा नियम जसाचा तसा लागत नाही, पण मेसेज पाठवायला त्यांनाही कुणी अडवत नाही.

तिने बारा कामाचे दिवस वही भरली. मग एका रविवारी आम्ही दोघी माझ्या ओट्यावर बसून रंगीत पेन्सिलींनी मोजत बसलो. बारा दिवसांत एकूण १८७ फोन, म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा. त्यातले १३१ असे, की तोच प्रश्न आधी विचारून उत्तर मिळालेलं होतं. ३८ फोनांत खरंच काही नवं काम किंवा निरोप होता. १८ नुसते बोलणी खायला. १८७ पैकी ४४ संध्याकाळी सातनंतरचे. ३८ फोन कामाचे होते हे आम्ही लपवलं नाही, तक्रारीतही लिहिलं. त्यामुळेच बाकीचा आकडा पटण्यासारखा झाला.

राहिला प्रश्न, बाकीच्यांनाही असेच फोन येतात का? तिच्याच हुद्द्यावरच्या दोघांना तिने विचारलं. एकाने आपल्या फोनची यादी दाखवली, दिवसाला चार-पाच. दुसरी आधी हो म्हणाली, मग घाबरून मागे सरली. तिच्यावर रागवू नकोस म्हटलं, तिलाही घर चालवायचं आहे. सहकाऱ्याची नोंद हा या प्रकारातला सगळ्यांत भक्कम पुरावा आणि मिळवायला सगळ्यांत अवघडही. तो नसेल तर ग्रुपवरचे मेसेज मोजा, तिथे कुणाचं नाव किती वेळा येतं ते सगळ्यांसमोर असतं.

तक्रार एका पानाची केली. तारीख कोणती ते कोणती, आकडे किती, नमुन्यादाखल तो मंगळवार पूर्ण, आणि मागण्या नेमक्या: ठरलेल्या तीन वेळी फोन, भरणा झाल्यावर लोकेशन बंद, ग्रुपवर नाव घेऊन बोलणं बंद, जादा काम लेखी. वहीची झेरॉक्स जोडली, मूळ वही दिली नाही. तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयात ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने, दोन्हीने पाठवली. हाताने अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं.

आता कायद्याचं खरं सांगते, कारण खोटी आशा नको. नुसत्या जाचक देखरेखीसाठी, कामाच्या ठिकाणच्या या छळासाठी म्हणून आपल्या देशात वेगळा कायदा नाही. फोनांच्या आड लैंगिक वागणूक असेल, म्हणजे ‘एकटीच आहेस का’, ‘व्हिडिओवर ये’, कपड्यांवर, शरीरावर बोलणं, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, नसेल किंवा माणसं कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. इथेही तारखा लिहिलेली वही लागतेच. बाईने नको म्हटल्यावरही वैयक्तिक ओळख वाढवण्यासाठी सतत संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा आहे. माझ्याकडच्या मुलीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं, म्हणून आम्ही ते ओढून-ताणून लावलं नाही.

आपल्या विदर्भातली एक घटना इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेळघाटात हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी असलेल्या दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी जीवन संपवलं. वरिष्ठ अधिकारी इतरांसमोर अपमान करतात, गरोदरपणात जंगलात पायी फिरवलं, वर सांगूनही उपयोग झाला नाही, असं त्यांनी पत्रात लिहून ठेवलं होतं. प्रकरण पोलिसांत आणि न्यायालयात गेलं, त्यावर मत देणं माझं काम नाही. गणवेश आणि अधिकार असलेल्या बाईचीही अशी कोंडी होते, एवढं आपल्याला दिसलं. म्हणून माझ्याकडे कुणी वही घेऊन आली की मी आधी तिची झोप आणि जेवण विचारते. ‘जगून काय उपयोग’ असं बोलू लागली तर वही बाजूला. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. तो तिच्यासमोर लावून देते आणि घरच्या माणसाला बोलावून घेते. नोकरी सोडणं हाही एक मार्ग आहे आणि त्यात काही कमीपणा नाही.

तर त्या मुलीचं काय झालं? नागपूरहून एक बाई आणि एक अधिकारी चौकशीला आले. साहेब म्हणाले, ‘मी सगळ्यांनाच करतो.’ अधिकाऱ्याने तिथेच त्यांना फोन उघडायला सांगितलं. साहेबांच्या स्वतःच्या यादीत तिच्या नावाची रांग लागलेली होती. त्यांना शिक्षा अशी काही झाली नाही, निदान कागदावर नाही. फोनच्या तीन वेळा ठरल्या आणि लोकेशन भरण्यानंतर बंद झालं. दोन महिने बरे गेले.

मग तिच्या वाट्याला एकदम लांबची सेंटरं आली, पार जंगलाच्या कडेची, जिथे फोनला रेंज नाही. आणि रेंज नसताना उचलला नाही म्हणून पुन्हा बोलणी. तक्रारीनंतर असं काही ना काही होतंच, म्हणून तक्रारीच्या तारखेनंतर बदललेली प्रत्येक गोष्ट लिहायला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिने आधीचं आणि नंतरचं सेंटरांचं वाटप शेजारी शेजारी लिहून पुन्हा अर्ज केला आणि सोबत दुसऱ्या शाखेत बदली मागितली. बदली मिळाली. नव्या शाखेतल्या बाई सकाळी एकदा आणि भरण्यानंतर एकदा फोन करतात.

परवा ती बाजारात भेटली, भाजी घेत होती. फोन पर्समध्ये होता, आणि पर्स स्कूटीच्या डिकीत. वही मात्र तिने चालूच ठेवली आहे, महिन्याला एखादं पान भरतं म्हणाली.